कोअर, आयटी की एम.टेक.? चोवीस महिन्यांचा हिशेब

इंजिनीअरिंगचे शेवटचे वर्ष सुरू झाले की कॉलेजच्या कट्ट्यावर तीन शब्द सारखे कानावर पडतात: कोअर, आयटी आणि गेट. कोअर म्हणजे आपल्या शाखेची नोकरी. मेकॅनिकलवाल्याला कारखाना, सिव्हिलवाल्याला साइट, इलेक्ट्रिकलवाल्याला सबस्टेशन किंवा पॅनेलची कंपनी. आयटी म्हणजे शाखा कोणतीही असो, सॉफ्टवेअर कंपनीतली नोकरी. आणि गेट म्हणजे एम.टेक.चा दरवाजा उघडणारी परीक्षा. कॉम्प्युटर शाखेच्या मुलांना हा तिढा फारसा पडत नाही. बाकीच्या शाखांत मात्र घरोघरी त्याची चर्चा असते, आणि ती बहुतेक वेळा एकाच प्रश्नावर येऊन थांबते: पॅकेज किती?

हा प्रश्न चुकीचा नाही, अपुरा आहे. या तीन वाटा एकाच दिवशी समोर येत नाहीत, त्यांचे आकडे एकाच पद्धतीने मांडलेले नसतात, आणि एकीवरून दुसरीवर जाणे सर्व दिशांनी सारखे सोपे नसते. म्हणून तुलना करायची तर पुढचे चोवीस महिने डोळ्यांसमोर ठेवावेत. त्या काळात दर महिन्याला हातात काय उरेल, रोज कोणते काम करावे लागेल आणि त्यानंतर कोणता रस्ता अजून मोकळा असेल, हे तीन प्रश्न क्रमाने सोडवावेत.

एक उदाहरण घेऊ. सांगली जिल्ह्यातल्या एका कॉलेजात मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला असलेला मुलगा. गुण बरे, केटी नाही. दोन वर्षे कॉलेजच्या ‘बाहा’च्या टीममध्ये गाडीच्या सस्पेन्शनवर काम केलेले. त्याच्यासमोर हिंजवडीतली सॉफ्टवेअर सेवा कंपनी, चाकणमधला गिअर बनवणारा कारखाना आणि एम.टेक. असे तीन पर्याय आहेत. मुलगा आणि त्याचे आकडे उदाहरणापुरते घेतले आहेत. पण अशा ऑफरची मांडणी प्रत्यक्षात अशीच असते.

पहिली अडचण कॅलेंडरची

मोठ्या संख्येने मुले घेणाऱ्या सॉफ्टवेअर कंपन्या सहसा सातव्या सेमिस्टरच्या सुरुवातीलाच येतात. कारखाने बहुधा उशिरा येतात, कारण त्यांना दहा-पंधराच मुले हवी असतात आणि गरजही पुढच्या ऑर्डरींवर ठरते. कित्येक चांगले कारखाने तर आठव्या सेमिस्टरमध्ये, परीक्षेच्या तोंडावर येतात. गेट फेब्रुवारीत होते, निकाल मार्चमध्ये लागतो आणि एम.टेक.चे प्रवेश मेपासून जुलैपर्यंत चालतात. म्हणजे तिन्ही पर्याय टेबलावर मांडून शांतपणे निवडण्याचा दिवस फार थोड्यांच्या वाट्याला येतो.

त्यात अनेक कॉलेजांत ‘एक विद्यार्थी, एक ऑफर’ असा नियम असतो. पहिली ऑफर मिळाली की पुढच्या ड्राइव्हला बसता येत नाही. काही ठिकाणी ठरावीक पॅकेजच्या वरच्या कंपनीसाठी सूट असते. आपल्या मुलाला सप्टेंबरमध्ये सॉफ्टवेअरची ऑफर मिळाली आणि कॉलेजचा नियम कडक असेल, तर मार्चमध्ये येणाऱ्या गिअरच्या कारखान्यासमोर तो उभाच राहू शकणार नाही. तेव्हा टीपीओंना विचारायचा पहिला प्रश्न ‘कोणत्या कंपन्या येणार’ हा नव्हे. गेल्या वर्षी आपल्या शाखेसाठी कोणत्या कंपन्या कोणत्या महिन्यात आल्या आणि ऑफरनंतर नियम काय लागू होतो, हे आधी विचारावे. हे जुलैतच कळले, तर सप्टेंबरच्या ड्राइव्हला बसावे की नाही, हा खरा निर्णय डोळे उघडे ठेवून घेता येतो.

आपल्या मुलाच्या कॉलेजात कोअर कंपनीसाठी सूट आहे, असे धरू. म्हणून त्याच्याकडे सप्टेंबरमध्ये सॉफ्टवेअरची ऑफर आली, मार्चमध्ये गेटचा निकाल आणि एप्रिलमध्ये कारखान्याची ऑफर.

हातात काय उरते

सॉफ्टवेअर कंपनीचे पॅकेज वर्षाला ३ लाख ६० हजार, कारखान्याचे ३ लाख. घरच्यांच्या दृष्टीने निकाल लागला: साठ हजारांचा फरक! पण पॅकेज, म्हणजे सीटीसी, हा कंपनीचा आपल्यावर होणारा एकूण खर्च असतो. त्यातले सगळे बँकेत जमा होत नाही.

सॉफ्टवेअरच्या पत्राची शेवटची पाने उघडली की विभागणी दिसते. मूळ पगार महिना १५ हजार. व्हेरिएबल पे वर्षाला २४ हजार. तो कंपनीच्या आणि आपल्या कामगिरीवर अवलंबून असल्याने मिळेलच असे नाही. कंपनीच्या वाट्याचा पीएफ २१,६००. ग्रॅच्युइटी साधारण ८,७००. ती कायम नोकरीत सहसा पाच वर्षे सलग राहणाऱ्यालाच मिळते, तरी सीटीसीत दरवर्षी मोजली जाते. विम्याचा हप्ता ५,७००. हे सगळे मिळून ६० हजार झाले. उरले ३ लाख, म्हणजे महिना २५ हजार. त्यातून आपल्या वाट्याचा पीएफ १,८०० आणि महाराष्ट्रातला व्यवसाय कर २०० गेला की हातात २३ हजार येतात. या पगारावर नव्या करप्रणालीत प्राप्तिकर लागत नाही.

कारखान्याच्या पत्रात व्हेरिएबल पे नाही. पीएफ, ग्रॅच्युइटी आणि विमा मिळून ३६ हजार वजा केले की २ लाख ६४ हजार, म्हणजे महिना २२ हजार उरतात. कपातीनंतर हातात २० हजार. वर्षाचा साठ हजारांचा फरक महिन्याच्या तीन हजारांवर आला.

आता राहण्याचा खर्च. हिंजवडीजवळ फ्लॅटमध्ये चौघांत कॉट घेतली, दोन वेळचे जेवण आणि रोजचा प्रवास धरला, तर महिना १३ हजार जातात असे समजू. चाकणच्या कारखान्यात कंपनीची बस आहे, एक वेळचे जेवण नाममात्र दरात कँटीनमध्ये होते आणि मोशीच्या बाजूला भाडे कमी आहे. तिथला खर्च ९ हजार. महिनाअखेर सॉफ्टवेअरमध्ये १० हजार उरतात आणि कारखान्यात ११ हजार. पॅकेजच्या आकड्याने जो निकाल दिला होता, तो इथे उलटला. प्रत्येक वेळी असेच घडेल असे नाही. कँटीन आणि बस नसलेला कारखाना असेल तर हिशेब पुन्हा फिरेल. मुद्दा इतकाच की तुलना शिल्लक रकमेची करावी.

एम.टेक.चा हिशेबही याच पद्धतीने मांडावा. गेट पात्र होऊन पूर्णवेळ प्रवेश घेणाऱ्याला आयआयटी, एनआयटी आणि मान्यताप्राप्त संस्थांत महिना १२,४०० रुपये विद्यावेतन मिळू शकते. आयआयटी-एनआयटीत त्या बदल्यात आठवड्याला साधारण आठ तास लॅब किंवा ट्यूटोरियलचे काम करावे लागते. चोवीस महिन्यांचे हे २ लाख ९७ हजार ६०० होतात, आणि फी, वसतिगृह, मेस यांत ते जवळपास संपतात. घरी सहसा म्हणतात, ‘दोन वर्षांचा सहा-सात लाखांचा पगार बुडाला.’ तसे नाही. नोकरीतही खाऊनपिऊन महिना दहा-अकरा हजारच उरणार होते. म्हणजे एम.टेक.ची खरी किंमत दोन वर्षांत सुमारे अडीच लाखांची शिल्लक इतकी आहे. पण विद्यावेतनाशिवाय, खासगी कॉलेजची फी भरून एम.टेक. करायचे असेल तर हे गणित लागू होत नाही.

परदेशातले एम.एस. हा तर वेगळाच हिशेब आहे, कारण तिथे कर्ज येते. ३० लाखांचे कर्ज साडेदहा टक्क्यांनी दहा वर्षांत फेडायचे तर महिना साधारण ४० हजार ५०० रुपये हप्ता बसतो, आणि शिकण्याच्या काळात साचलेले व्याज त्यात अजून धरलेलेच नाही. तिथे नोकरी मिळाली नाही आणि परत यावे लागले, तर इथल्या सुरुवातीच्या पगारातून हा हप्ता जाईल का, याचे उत्तर कर्जावर सही करण्याआधी द्यावे लागते.

पद एक, काम वेगळे

पैशांचा फरक इतका थोडा राहिला की दुसरा प्रश्न मोठा होतो: सोमवारी सकाळी जाऊन नेमके करायचे काय?

कारखान्याच्या बाबतीत आधी कागदावरचा शब्द पाहावा. ‘ग्रॅज्युएट इंजिनीअर ट्रेनी’, म्हणजे जीईटी, हा सहसा कंपनीच्या रोलवर असतो आणि वर्षभराने कायम होतो. ‘ग्रॅज्युएट अप्रेंटिस’ हा अप्रेंटिस कायद्याखालचा शिकाऊ उमेदवार. त्याला पगार नव्हे, विद्यावेतन मिळते. वर्षअखेर प्रमाणपत्र मिळते, पण कायद्याने कंपनीवर त्याला नोकरीत ठेवण्याचे बंधन सहसा नसते. तिसरा प्रकार कंत्राटदाराच्या रोलवरचा: गेटवर नाव मोठ्या कंपनीचे, पगाराची पावती दुसऱ्याच संस्थेची. तिघेही एकाच लाइनवर, एकाच रंगाच्या शर्टात उभे असतात, त्यामुळे बाहेरून फरक कळत नाही. मुलाखतीच्या शेवटी सरळ विचारावे: मी कोणाच्या रोलवर असेन, आणि गेल्या वर्षीच्या ट्रेनींपैकी किती जण कायम झाले?

मग विभाग. उत्पादन विभागात शिफ्टचे टार्गेट, माणसे आणि मशीन सांभाळावी लागतात. तिथे माणसांशी वागण्याचे आणि वेळेचे शिक्षण मिळते, डिझाइनचे फारसे नाही. मेंटेनन्समध्ये मशीन आतून कळते, पण फोन मध्यरात्रीही येतो. क्वालिटीत मोजमापाची साधने, रिजेक्शनची कारणे आणि ग्राहकाच्या तक्रारीला द्यायचा ‘एट-डी’ अहवाल हाताखालून जातो. नवीन उत्पादन विकास, म्हणजे एनपीडी, हा बहुतेकांना हवा असलेला विभाग. ड्रॉइंग हाती आल्यापासून पहिला मंजूर नमुना ग्राहकाकडे जाईपर्यंतचा सगळा प्रवास त्यात दिसतो. एकाच कारखान्यातला उत्पादनाचा आणि एनपीडीचा ट्रेनी दोन वर्षांनी दोन वेगळ्या नोकऱ्यांसाठी पात्र ठरतात.

सॉफ्टवेअरमध्येही तसेच. सेवा कंपनीत काही महिने प्रशिक्षण होते, त्यानंतर परीक्षा, आणि ती पुन्हा पुन्हा नापास झाल्यास नोकरी जाऊ शकते. पुढे प्रोजेक्ट मिळेपर्यंत बेंचवर बसावे लागते. प्रोजेक्टही सारखे नसतात. एकाला नवीन कोड लिहायला मिळतो, दुसऱ्याला हाताने टेस्टिंग करावे लागते, तिसरा परदेशी बँकेच्या जुन्या प्रणालीत आलेल्या तक्रारींची तिकिटे रात्रपाळीत बंद करतो. ही वाटणी बहुतांशी त्या तिमाहीत कोणत्या प्रोजेक्टला माणसे हवी आहेत यावर होते, आवडीवर नाही. शिवाय ऑफर लेटर म्हणजे रुजू होण्याची तारीख नव्हे. मागणी मंदावली की या कंपन्या नव्या मुलांना रुजू करून घेणे महिनोन्‌महिने पुढे ढकलतात. २०२२ नंतरच्या काही बॅचना हा अनुभव आला.

ही माहिती कंपनीच्या सादरीकरणात सापडत नाही. ती आपल्याच कॉलेजातून दोन वर्षांपूर्वी त्या कंपनीत गेलेल्या सिनिअरकडे असते. ‘दादा, कंपनी कशी आहे?’ असे विचारले तर ‘चांगली आहे’ हेच उत्तर येते. त्याऐवजी ‘काल दिवसभर काय काम केलंस?’ असे विचारावे आणि एकाला न विचारता तिघांना विचारावे. आपल्या मुलाला सॉफ्टवेअरमधल्या तिघांपैकी दोघांनी सपोर्टचे काम सांगितले. कारखान्यातल्या ताईने सांगितले की ती कंपनीच्या रोलवर आहे. पहिले वर्ष मशीन शॉप आणि क्वालिटीत गेले आणि आता ती एनपीडीत आहे.

एम.टेक.मध्ये हाच प्रश्न विषयाचा असतो. संस्थेच्या नावावर जाऊन न आवडणारी शाखा घेतली, तर दोन वर्षांनी पुन्हा त्याच सॉफ्टवेअर कंपनीच्या रांगेत उभे राहावे लागते. अनेकांचे तसे होते. ज्या कामांना एम.टेक. खरोखर लागते किंवा उपयोगी पडते, ती कामे मोजकी आहेत: गाडीच्या किंवा यंत्राच्या भागांचे संगणकावर ताण-विश्लेषण, द्रवप्रवाहाचे सिम्युलेशन, कंपन्यांची संशोधन केंद्रे, पीएच.डी. आणि इंजिनीअरिंग कॉलेजातले अध्यापन. यांतले एखादे काम आधीच डोळ्यांसमोर असेल, तर एम.टेक. थेट तिथे नेते. नसेल, तर ती निर्णय दोन वर्षे पुढे ढकलण्याची महागडी रीत ठरते.

परतीची वाट

तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही, पण माझ्या मते वजन त्यालाच सर्वांत जास्त आहे. ही वाट चुकली असे दोन वर्षांनी वाटले, तर काय करता येईल?

फ्रेशर म्हणून घेणाऱ्या कंपन्या पास झाल्याचे वर्ष पाहतात. जाहिरातीत ठरावीक बॅचच लिहिलेली असते. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये दोन वर्षे सपोर्टची तिकिटे बंद केलेल्या मेकॅनिकलच्या मुलाला कारखान्यात परतणे फार कठीण जाते. तो फ्रेशर राहिलेला नसतो आणि त्या कामाचा अनुभवीही नसतो. कारखान्यातून सॉफ्टवेअरकडे जाणे थोडे कमी अवघड आहे, कारण कोडिंग नोकरीबाहेर शिकता येते आणि काही कंपन्या चाचणीवर घेतात. तरी बाराएक तासांची शिफ्ट आणि प्रवास करून रोज रात्री दोन तास कोड लिहिणे किती दिवस जमेल, हे प्रामाणिकपणे मोजावे.

गेटचे दार मात्र बराच काळ उघडे राहते. स्कोअर तीन वर्षे वैध असतो, परीक्षेला वयाची अट नाही आणि तिसऱ्या वर्षातही ती देता येते. म्हणजे या मार्चचा स्कोअर घेऊन एक वर्ष नोकरी करून पुढच्या वर्षी एम.टेक.ला जाता येते, आणि तेव्हा विषय निवडताना वर्षभराचा अनुभवही पदरी असतो. एक सावधगिरी हवी. एनटीपीसीसारख्या सार्वजनिक कंपन्या गेटवरून भरती करतात तेव्हा त्या बहुधा त्याच वर्षाचा स्कोअर मागतात आणि वयाची मर्यादाही घालतात. तिथे जायचे असेल तर थांबणे परवडत नाही.

परतीची वाट अडवणारा आणखी एक कागद म्हणजे बाँड. ‘बाँड कोर्टात टिकत नाही’ हे वसतिगृहात छातीठोकपणे सांगितले जाते. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात, ठरलेल्या तीन वर्षांआधी नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. ती सरकारी बँक होती आणि प्रत्येक बाँडचे तसेच होईल असे नाही. पण सही करताना रक्कम आणि मुदत खरी मानूनच करावी. पहिल्याच वर्षी एम.टेक.ला जायचा विचार असेल आणि बाँड दोन वर्षांचा असेल, तर त्या रकमेचा हिशेब आधी करावा. मूळ गुणपत्रिका ताब्यात मागणाऱ्या कंपनीला तर स्पष्ट नकार द्यावा.

कोअर आणि सॉफ्टवेअर यांच्या मधोमध एक वाट आहे, तिचाही विचार व्हावा. पुण्यातच केपीआयटी आणि टाटा टेक्नॉलॉजीजसारख्या कंपन्या वाहन उद्योगासाठी अभियांत्रिकीचे काम संगणकावर करतात. गाडीतले एम्बेडेड सॉफ्टवेअर, डिझाइन, सिम्युलेशन अशी ती कामे असतात. इथे शाखेचे ज्ञान वाया जात नाही आणि पुढे दोन्ही बाजूंना जाता येते. मात्र या कंपन्या मॅटलॅब, कॅटिया, सी भाषा यांपैकी काहीतरी हाताखालून गेलेले पाहतात, आणि ते शेवटच्या महिन्यात शिकून होत नाही. पाचव्या-सहाव्या सेमिस्टरमधला विद्यार्थी हे वाचत असेल, तर त्याच्याकडे वेळ आहे.

उदाहरणाचा निकाल

आता आपल्या मुलाचे तिन्ही रकाने भरले आहेत. शिल्लक जवळपास सारखी, कारखान्यात किंचित जास्त. कामाच्या बाबतीत कारखान्याचा रोल पक्का आणि एनपीडीपर्यंत जायची वाट दिसलेली, तर सॉफ्टवेअरमध्ये सपोर्टची शक्यता अधिक. गेटमध्ये तो पात्र ठरला आहे, पण त्याला हवा असलेला मशीन डिझाइन विषय चांगल्या संस्थेत मिळेल इतका स्कोअर नाही. परतीच्या वाटेचे पाहिले तर कारखान्याची संधी आत्ताच आहे, गेट पुन्हा देता येईल. बाहाच्या टीममध्ये कोणी न सांगता दोन वर्षे सस्पेन्शनच्या मागे लागणे हा त्याच्या ओढीचा सर्वांत भरवशाचा पुरावा. त्याने कारखाना घ्यावा, स्कोअर जपून ठेवावा आणि पुढच्या फेब्रुवारीत गेट पुन्हा द्यावी की नाही हे सहा महिने शिफ्ट केल्यावर ठरवावे.

एकेक गोष्ट बदलून पाहिली तर निकालही बदलतो. कारखान्याचे पत्र जीईटीऐवजी अप्रेंटिसचे असते आणि मागच्या बॅचमधले मोजकेच कायम झाले असते, तर सॉफ्टवेअरची ऑफर वरचढ ठरली असती. तो संध्याकाळी सस्पेन्शनऐवजी आपणहून कोडिंगचे प्रश्न सोडवत बसणारा असता, तर सेवा कंपनीचा पहिला प्रोजेक्ट कोणताही असो, दोन वर्षांनी स्वतःच्या बळावर चांगल्या कंपनीत जाण्याची शक्यता त्याच्या बाजूने असती. स्कोअर अजून चांगला असता आणि मशीन डिझाइन मिळत असते, तर सुमारे अडीच लाखांची शिल्लक सोडून एम.टेक.ला जाणे शहाणपणाचे होते. आणि वडिलांवर कर्ज असून पहिल्याच महिन्यापासून घरी पैसे पाठवायचे असते, तर जिथे रुजू होण्याची तारीख लेखी आणि नक्की आहे तीच नोकरी घ्यावी लागली असती. बाकीचे रकाने मागे पडले असते.

म्हणून दुसऱ्याचे उत्तर उसने घेता येत नाही, पण रकाने घेता येतात. एका कागदावर तिन्ही पर्याय आडवे मांडावेत आणि खाली तीन ओळी काढाव्यात: महिनाअखेरची शिल्लक, पहिल्या दोन वर्षांतले रोजचे काम, आणि त्यानंतर उघडे राहणारे मार्ग. जो रकाना रिकामा राहील, त्याची माहिती मिळवण्यासाठी कोणाला फोन करायचा तेही शेजारी लिहावे. कागद पूर्ण भरल्यावर आई-वडिलांसमोर ठेवावा, म्हणजे घरातली चर्चा पॅकेजच्या एका आकड्यावर न थांबता त्या तीन ओळींवर होईल.